नाव, नांव आणि एक टिंब
जुने छापील पान मोबाइलवरून पाठवताना

१९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन शब्द लेखनात एक झाले. त्याआधीच्या छापील मजकुरात ते वेगळे होते. टिंब असले तर ओळख सांगणारे नांव, टिंब नसले तर पाण्यावरची नाव. वाक्य पूर्ण असेल तर अडत नाही, कारण ‘नांव’ नपुंसकलिंगी आणि ‘नाव’ स्त्रीलिंगी. क्रियापद सांगून टाकते. पण कोष्टकाच्या डोक्यावर क्रियापद नसते.

एका जुन्या मासिकात कोकणातल्या एका बंदराच्या जकातीचे टिपण छापलेले आहे. चोवीस पानांचा लेख, त्यात चौदाव्या पानावर तीन रकान्यांचे कोष्टक. दुसऱ्या रकान्यावर ‘माल’, तिसऱ्यावर ‘जकात’, आणि पहिल्यावर हा शब्द. खाली एकेका शब्दाच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या अशा की माणसालाही शोभाव्यात, गलबतालाही. शीर्षकात टिंब असेल तर ही व्यापाऱ्यांची यादी; नसेल तर बंदरात आलेल्या गलबतांची. एकच नोंद तीनदा आली, तर पहिल्या वाचनात एक व्यापारी तीनदा माल घेऊन आला आणि दुसऱ्या वाचनात एका गलबताने तीन खेपा केल्या. या दोहोंतून निघणारा बंदराचा इतिहास एक नव्हे.

हे पान गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तीन वेगवेगळ्या अभ्यासकांकडून मोबाइलवर आले. दोघांच्या प्रतींत टिंब दिसत नव्हते, तिसऱ्याच्या प्रतीत होते. मूळ अंक मी भिंगाखाली पाहिला आहे. टिंब आहे, शाई थोडी कमी लागलेली आहे, पण आहे. तिघांनी छायाचित्र काळजीपूर्वक घेतले होते, सरळ केले होते, डाग पुसले होते. फरक पडला तो त्यानंतर, फाइल ‘सेव्ह’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करताना आणि पाठवताना. त्या शेवटच्या दोन पायऱ्यांत नेमके काय होते, हा या लेखाचा विषय. आपल्या संशोधनाची बरीच कच्ची सामग्री आज याच वाटेने हातोहात फिरते, म्हणून तो इथे मांडतो आहे.

आधी टिंबाचे माप घेऊ. दहा पॉइंटांच्या खिळ्यांनी छापलेल्या त्या शीर्षकात टिंबाचा व्यास साधारण अर्धा मिलिमीटर आहे आणि टिंब व शिरोरेषा यांमधली फट ०.२ मिलिमीटर. मासिकाचे पान साडेआठ इंच उंच, साडेपाच इंच रुंद. ते इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने स्कॅन केले की चित्र २५५० गुणिले १६५० पिक्सेलांचे होते. त्यात टिंबाच्या वाट्याला आडवे-उभे सहा-सहा पिक्सेल येतात आणि फटीला दोन-अडीच. एवढ्यावर डोळ्याला टिंब स्वच्छ वाचता येते.

आता अंक उघडा ठेवून दोन्ही पाने एकाच छायाचित्रात घेतली असे समजू. ग्रंथालयात घाई असते, सगळे असेच करतात. अकरा इंच रुंदीवर फोनच्या कॅमेऱ्याचे ४००० पिक्सेल पडतात, म्हणजे इंचाला साडेतीनशेच्या वर. इथवर तक्रारीला जागा नाही. पण हे चित्र व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून साध्या दर्जात पाठवले की ॲप ते लहान करते. माझ्या चाचण्यांत लांब बाजू दर वेळी १६०० पिक्सेलांच्या आसपास येऊन थांबली. अकरा इंचांत १६०० पिक्सेल म्हणजे इंचाला १४५. टिंब तीन पिक्सेलांवर आले आणि फट एका पिक्सेलावर. टिंब नाहीसे होण्याआधी फट नाहीशी होते, हे ध्यानात ठेवावे. फट बुजली की टिंब शिरोरेषेला चिकटते आणि रेषेवरच्या फुगवट्यासारखे दिसते. जुन्या छपाईत शिरोरेषेवर असे फुगवटे जागोजागी असतातच, म्हणून वाचणारा त्याला छपाईचा दोष समजून पुढे जातो. माझ्याकडे आलेल्या दोन प्रतींत हेच घडलेले होते.

लहान करण्यावर गोष्ट थांबत नाही. लहान केलेले चित्र जेपेग या पद्धतीने दाबले जाते. जेपेगचे प्रमाण १९९२ साली ठरले, आणि ते बेतले गेले निसर्गातल्या दृश्यांसाठी, माणसांच्या चेहऱ्यांसाठी. त्याची युक्ती अशी : चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधार चौसष्ट ठरावीक लाटांच्या बेरजेत मांडायचा. काही लाटा लांब आणि संथ, काही आखूड आणि भरभर बदलणाऱ्या. मग भरभर बदलणाऱ्या लाटांची मापे ढोबळ करायची, पुष्कळशी शून्यच करून टाकायची. गालावरची सावली किंवा आभाळाचा निळा रंग संथ लाटांतच असतो, म्हणून या काटछाटीने चेहऱ्याचे काही बिघडत नाही. अक्षराचे तसे नाही. अक्षर म्हणजे पांढऱ्यावरून एकदम काळे. ही कड उभी करायला आखूड लाटा लागतात, आणि नेमक्या त्याच कापलेल्या असतात. उरलेल्या लाटांची बेरीज कडेपाशी नीट जुळत नाही. अक्षराभोवती करड्या ठिपक्यांची धूळ उठते आणि कड मऊ पडते. तीन पिक्सेलांचे टिंब या धुळीत सापडले तर खरे टिंब कोणते आणि धुळीतला दाणा कोणता, हे सांगायला कोणी उरत नाही.

जेपेगची आणखी एक खोड सांगून टाकतो, कारण पोथ्यांचे काम करणाऱ्यांना ती नडते. जेपेग रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतो, दोन्ही दिशांना निम्म्याने. काळ्या शाईला याने काही होत नाही. पण हिंगुळाच्या तांबड्या शाईतले दंड, ओवीचे आकडे, ‘इति’ ही समाप्तीची ओळ यांचा रंग कडेबाहेर पसरतो. ‘गिम्प’ या मोफत प्रणालीत जेपेग काढताना ‘सबसॅम्पलिंग’ नावाचा पर्याय असतो. तिथे `4:4:4` निवडले की रंगाची ही काटछाट होत नाही. फाइल थोडी वाढते. तांबड्या शाईसाठी ती वाढ सोसावी.

तेव्हा पहिला निर्णय फाइलच्या प्रकाराचा नसून वाटेचा आहे. ॲपमधून तेच चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवता येते आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणूनही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलला ॲप हात लावत नाही. जशी दिली तशी पोचते, आणि व्हॉट्सॲपमध्ये अशा फाइलची मर्यादा आज २ गिगाबाइट आहे. ऑगस्ट २०२३पासून फोटोसाठी ‘एचडी’ हा पर्यायही आला. त्यात चित्र बरेच मोठे राहते, पण ते पुन्हा दाबले जातेच. माझा नेम साधा आहे. छापील किंवा हस्तलिखित मजकूर कधीही फोटो म्हणून पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणूनच.

मग २ गिगाबाइट मिळत असताना फाइल लहान करण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर पलीकडच्या माणसापाशी आहे. त्या पानाचा रंगीत, न दाबलेला स्कॅन साडेबारा एमबीचा होतो. चोवीस पाने म्हणजे तीनशे एमबी. घेणाऱ्याचा फोन आधीच शुभेच्छांच्या चित्रांनी भरलेला, गावी रेंज अर्धी. उतरवून घेताना फाइल दोनदा अडकली की तो म्हणतो, “राहू दे, फोटोच टाका.” तीनशे एमबींची निर्दोष फाइल कुणी उघडलीच नाही, तर तिचा उपयोग काय? चोवीस पाने तीन-चार एमबींत बसली तर मात्र ती कुठेही पोचतात, आणि तशी ती बसतात.

त्यासाठी पानात नेमके काय आहे ते पाहावे लागते. रंग आहे का? या पानात नाही. कागद पिवळा पडला आहे, पण तो पिवळेपणा वाचनाला लागत नाही. रंग काढून करडे चित्र केले की साडेबाराचे ४.२ एमबी होतात. हे अजून न दाबलेले. आता ते पीएनजी या प्रकारात ठेवले तर काहीही न गमावता दाबले जाईल, कारण १९९६ सालचे हे प्रमाण एकाही पिक्सेलाला धक्का लावत नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या मालिका थोडक्यात लिहून ठेवते, इतकेच. पण इथे पुष्कळांची निराशा होते. पीएनजी केले तरी फाइल तीन एमबींच्या आसपास राहते. कारण कागद. जुन्या कागदाचा पोत म्हणजे प्रत्येक पिक्सेलाला किंचित वेगळी छटा, आणि पीएनजी इमानदारीने तो सगळा पोत जपत बसतो. जागा मजकूर खात नाही, मजकुरामागचा रिकामा कागद खातो.

म्हणून दाबण्याआधी कागद पांढरा करायचा. सगळी मेख इथे आहे. करड्या चित्रात ० म्हणजे पूर्ण काळे आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरे. त्या पानावर मी मोजले तेव्हा कागद साधारण २१५, नीट लागलेली शाई ४० आणि आपले ते फिके टिंब १५० निघाले. ‘लेव्हल्स’ हे साधन वापरून पांढऱ्याची सीमा २०४वर आणली, म्हणजे २०४च्या वरचे सगळे शुभ्र केले, तर कागदाचा पोत नाहीसा होतो आणि टिंब पूर्वीपेक्षा थोडे फिके होऊन टिकते. हीच सीमा हौसेने १५०पर्यंत ओढली तर पान देखणे, लख्ख होते आणि टिंब कागदाबरोबर शुभ्र होऊन जाते. पान किती स्वच्छ दिसते यावर हात थांबवू नये. पानावरची सर्वांत फिकी खूण शोधावी, ती पडद्यावर मोठी करून समोर ठेवावी, आणि ती जायला लागली की मागे यावे.

कागद शुभ्र झाल्यावर दोनशे छप्पन्न छटांची गरज राहत नाही. सोळा पुरतात; अक्षराची मऊ कड दाखवायला तेवढ्या भरपूर झाल्या. संगणकावर ‘इमेजमॅजिक’ ही मोफत प्रणाली असेल तर हे सगळे एका आज्ञेत होते :

```
magick pan-14.tif -colorspace Gray -level 15%,80% \
  +dither -posterize 16 -define png:color-type=0 \
  -define png:bit-depth=4 pan-14.png
```

यातले ८० टक्के म्हणजे वर सांगितलेली २०४ची सीमा. ती पानागणिक बदलावी. `+dither` विसरू नये. ते नसेल तर छटा कमी करताना ठिपके शिंपडले जाण्याचा संभव असतो, आणि शिंपडलेला ठिपका म्हणजे अनुस्वाराचा तोतया. माझी चौदाव्या पानाची फाइल अशी सातशे किलोबाइटांची झाली. डोळ्याला ती मूळ स्कॅनपेक्षा वाचायला सोपी, आणि टिंब जागेवर.

पण चोवीस पानांचे सतरा एमबी अजून जास्त आहेत. इथे जुने तंत्र कामाला येते. १९८४ साली फॅक्ससाठी ‘ग्रुप ४’ नावाची पद्धत ठरली. तिला करडा रंग माहीतच नाही. पिक्सेल एकतर काळा, नाहीतर पांढरा. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा कुठे बदलली, एवढेच ती नोंदवते. शिरोरेषा आणि तिच्याखाली उभे काने अशी रचना असलेल्या आपल्या लिपीला हे फार मानवते, कारण काना सरळ खाली येताना ओळींमागून ओळी काहीच बदलत नाही. जेपेगसारखी धूळ इथे उठू शकत नाही; उठायला करडा रंगच नाही. कडा मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. त्यावर उपाय असा की करडे चित्र आधी दुप्पट मोठे करायचे आणि मग काळे-पांढरे करायचे. मऊ कडेतल्या करड्या छटांत कड नेमकी कुठे आहे याची माहिती असते, ती दुप्पट पिक्सेलांत उतरते.

```
magick pan-15.tif -colorspace Gray -resize 200% \
  -threshold 62% -type bilevel -compress Group4 \
  -units PixelsPerInch -density 600 kp-15.tif
```

पंधरावे पान अशा रीतीने ऐंशी किलोबाइटांत बसले. त्याच पानाचे जेपेग दोनशे किलोबाइटांपर्यंत खाली आणले तर अक्षरे केसाळ होतात. म्हणजे अडीच पट लहान फाइल, आणि तरी अक्षर अधिक रेखीव. चांगली फाइल म्हणजे मोठी फाइल हा समज छापील मजकुरापुरता तरी सोडून द्यायला हवा.

ग्रुप ४ची किंमत मात्र वेगळ्या जागी चुकवावी लागते. काळे की पांढरे हा निवाडा आज्ञेतल्या ६२ टक्क्यांनी, म्हणजे १५८ या आकड्याने होतो. त्याहून गडद ते काळे. आपले १५०चे टिंब जेमतेम वाचते. पण ओलीमुळे कागदावर पडलेला १४०चा तांबूस डागही त्याच न्यायाने काळा होतो, आणि तो शिरोरेषेच्या वर पडला असेल तर मूळ पानावर नसलेला अनुस्वार जन्माला येतो. निवाडा ५० टक्क्यांवर ठेवला तर डाग जातात, आणि फिकी टिंबेही. दोन्ही टोकांना चूक आहे. मधला सुरक्षित आकडा काही पानांत सापडतो, काहींत सापडतच नाही. डाग आणि टिंब यांच्या छटा जिथे एकमेकींत मिसळल्या आहेत, तिथे काळे-पांढरे करूच नये. करड्या चित्रात डागाची कड पसरट आणि टिंबाची आवळ दिसते, डोळा ते ओळखतो. काळे-पांढरे केल्यावर डोळ्याच्या हाती तो पुरावा उरत नाही.

याच कारणाने ‘डीस्पेकल’ या सोयीपासून दूर राहावे. पाने सरळ करून छाटण्यासाठी अनेकजण ‘स्कॅनटेलर’ वापरतात, मीही वापरतो. उत्तम प्रणाली आहे. तिच्यात सुटे ठिपके आपोआप पुसण्याची ही सोय असते. ती ठराविक आकाराहून लहान, कशालाही न जोडलेला काळा ठिपका कचरा समजते. रोमन लिपीत असे ठिपके मुख्यतः पूर्णविराम आणि ‘आय’वरचे टिंब, तेही बहुधा जाड असतात. आपल्याकडे अनुस्वार, नुक्ता, चंद्रबिंदूचा बिंदू, विसर्गाचे दोन ठिपके, सगळेच सुटे. तळटीपांच्या बारीक टायपात तर अनुस्वार ०.३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ३०० पिक्सेलांच्या स्कॅनमध्ये साडेतीन पिक्सेल. ही सोय बंद ठेवावी आणि डाग हाताने पुसावेत. वेळ जातो, जाऊ द्यावा.

त्या लेखाच्या बावीस पानांना काळे-पांढरे रूप चालले. दोनांना चालले नाही : चौदावे, म्हणजे कोष्टकाचे पान, आणि एकोणिसावे, ज्याच्या समासात कोण्या जुन्या वाचकाने पेन्सिलीने एक दुरुस्ती लिहिली आहे. पेन्सिल १८०च्या घरात होती. ग्रुप ४मध्ये ती राहणे शक्यच नव्हते. ही दोन पाने सोळा छटांच्या पीएनजीत ठेवली. आता ही सगळी एका पीडीएफमध्ये बांधायची. पीडीएफ हा दाबण्याचा प्रकार नाही, ती पेटी आहे. आत प्रत्येक पान वेगळ्या पद्धतीने दाबलेले असू शकते, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुष्कळ प्रणाली मात्र पेटीत भरताना सगळी पाने गुपचूप पुन्हा जेपेग करतात. फोनवरची स्कॅन करणारी ॲप्स तर सर्रास. `img2pdf` ही छोटी प्रणाली तसे करत नाही. चित्रांची गुणवत्ता न घटवता ती जशीच्या तशी पेटीत ठेवते. बावीस पाने ऐंशी किलोबाइटांची आणि दोन सातशेंची, मिळून एकंदर सव्वातीन एमबी. फोनवर ती क्षणात उतरते.

पेटीत काय गेले हे तपासताही येते :

```
pdfimages -list lekh.pdf
```

ही आज्ञा चित्रागणिक एक ओळ दाखवते. तीत `enc` या रकान्याखाली `ccitt` असेल तर पान ग्रुप ४मध्ये आहे, `image` असेल तर पीएनजीसारख्या न गमावणाऱ्या पद्धतीत आणि `jpeg` असेल तर जेपेगमध्ये. दुसऱ्याकडून आलेल्या पीडीएफवरही ही आज्ञा चालवावी. वाचनावर निष्कर्ष उभा करण्याआधी प्रत कशी बनली आहे ते कळलेले बरे.

त्या रकान्यात कधी कधी `jbig2` हा शब्द दिसतो. तो दिसला की मी अंकांची वाचने मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय घेत नाही. ही पद्धत ग्रुप ४च्याही पुढे जाते. पानावरचे सुटे काळे तुकडे ती गोळा करते, एकसारखे दिसणारे तुकडे एकच मानते, आणि एकाचाच ठसा सगळीकडे उमटवते. न गमावता दाबण्याची सोयही तिच्यात आहे. पण जागा वाचवण्यासाठी ‘जवळपास सारखे’ तेही एकच मानले, की घात होतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. वेगवेगळ्या तीन खोल्यांवर एकच आकडा उमटला होता, आणि तो अगदी सुबक, रेखीव होता. जेपेगची चूक मळकट असते, म्हणून संशय तरी येतो. इथे अक्षर निर्मळ दिसते आणि ते खोटे असते.

देवनागरीत हा धोका सगळीकडे सारखा नाही. शिरोरेषेने शब्दातली अक्षरे जोडलेली असतात, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने बहुधा सगळा शब्द हाच एक तुकडा. दोन शब्द हुबेहूब सारखे क्वचितच. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषा जागोजागी तुटलेली असते, आणि तिथे एकटी पडलेली अक्षरे, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, एकमेकांच्या जागी जाऊ शकतात. आकड्यांना तर शिरोरेषाच नाही. प्रत्येक आकडा सुटा. ‘१’ आणि ‘९’ यांत झिजलेल्या खिळ्याने जेमतेम फरक ठेवला असेल तर यंत्र तो ठेवीलच याची शाश्वती नाही. आमच्या कोष्टकात जकातीच्या रकान्यात एका नोंदीला ९ रुपये आहेत आणि तिच्या खालच्या नोंदीला १. शकाच्या आकड्यांत तर एवढ्या फरकाने ऐंशी वर्षे इकडची तिकडे होतात.

ज्यांच्याकडे संगणक नाही, फोनच आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. दोन पाने एकत्र न घेता एकेक पान घ्यावे. समास छाटावेत, मजकुराचा भाग साधारण पावणेसात गुणिले सव्वाचार इंच उरतो. त्याचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन तुकडे करावेत, दोन ओळी दोन्हींत येतील असे. इंचाला ३०० पिक्सेलांच्या हिशेबाने प्रत्येक तुकडा तेराशे पिक्सेलांच्या आतच राहतो. मग समोरचा माणूस ‘फोटोच टाका’ म्हणाला तरी ॲपला चित्र लहान करायचे कारण उरत नाही. दाबण्याची धूळ तेवढी पडते, फट बुजत नाही. फोनचे चित्र याहून मोठे असेल तर कुठल्याही संपादन-ॲपमध्ये ते आपणच लांब बाजू १५०० पिक्सेलांवर आणून ठेवावे. आयफोन वापरणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `Most Compatible` निवडावे, नाहीतर चित्रे `HEIC` या प्रकारात साठतात आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जुन्या संगणकावर उघडत नाहीत.

पाठवण्याआधी एक तपासणी मात्र कोणी टाळू नये. फाइल आधी स्वतःलाच पाठवावी. ॲपमध्ये स्वतःला संदेश पाठवण्याची सोय आहे. पाठवलेली प्रत उतरवून घ्यावी आणि मूळ स्कॅनशेजारी उघडावी. पानावरच्या सर्वांत फिक्या छापलेल्या तीन ओळी निवडाव्यात आणि दोन्ही प्रतींत शिरोरेषेवरची टिंबे मोजावीत. मोजणी जुळली नाही तर पांढऱ्याची सीमा किंवा निवाड्याचा आकडा बदलून फाइल पुन्हा काढावी. कमी आली तर सीमा फार खाली ओढलेली असते. जास्त आली तर डाग टिंब बनलेले असतात. चौदाव्या पानावर अशा तीन ओळींत सतरा टिंबे आहेत. कोष्टकाच्या डोक्यावरचे टिंब त्यांतलेच एक.